गल्ल्यातले ६८ हजार

मसाल्यांचा घरगुती उद्योग सुरू केलेल्या पुण्यातल्या एका तरुणीने ३१ मार्चला पहिल्या वर्षाचा हिशेब मिटवायला घेतला. रोकडवहीत शिल्लक ७२,००० रुपये दिसत होती, गल्ल्यात मात्र ४,००० निघाले. चोरी झाली नव्हती. बँकेतून काढलेली प्रत्येक रक्कम वहीत चढली होती, पण त्यातून भागवलेले खर्च नोंदवायचे राहिले होते.

मग तिने टेम्पोवाल्याचे फोनवरचे निरोप आणि माल पाठवल्याच्या तारखा जुळवल्या. भाडे-हमालीचे ३१,००० आणि खोक्यांचे १४,००० सापडले. प्रत्येकाचे व्हाउचर तिने केले: पैसे कुणाला, कशासाठी, कधी दिले आणि घेणाऱ्याची सही. व्हाउचर कधी बनवले, तीही तारीख घातली. जुन्या तारखेचा कागद रंगवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

रॅक करणाऱ्या सुताराला एकाच दिवशी रोख दिलेले १८,००० मात्र अडले. रॅक ही मालमत्ता. तिच्यासाठी एका व्यक्तीला दिवसाला १०,०००च्या वर रोख दिले, तर प्राप्तिकरात त्या रकमेवर घसारा मिळत नाही.

उरलेल्या ५,००० रुपयांचा पुरावाच नव्हता. ते खर्चात न घुसडता तिने स्वतःच्या उचलीत टाकले.