वीज बनवायलाही वीजच लागते

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून कोलंबोला निघालं होतं. जहाजावरचे जवळजवळ सगळे कर्मचारी भारतीय होते. फ्रान्सिस स्कॉट की पूल जेमतेम किलोमीटरभर पुढे असताना जहाजावरचे दिवे गेले. ते परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. एवढ्यात चार-एक मिनिटं सरली आणि जहाज पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले.

एवढ्या मोठ्या जहाजावर वीज जाते तरी कशी, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

जहाजाला किनाऱ्यावरून वीज येत नाही, ती जागेवरच बनवावी लागते. पंखा फिरवणारं अवजड मुख्य इंजिन वेगळं आणि वीज बनवणारी डिझेल इंजिनं वेगळी. डालीवर अशी चार होती. प्रत्येक इंजिनाच्या दांड्याला आल्टरनेटर जोडलेला असतो. त्यातलं चुंबकक्षेत्र फिरतं आणि भोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. जहाजावर बहुधा ६० हर्ट्झची वीज वापरतात, म्हणून गव्हर्नर इंजिनाचा वेग ढळू देत नाही. भार वाढला की दुसरा जनरेटर जोडायचा, पण दोघांच्या लाटा आधी जुळवून घ्यायच्या. त्या न जुळवता ब्रेकर ओढला, तर जबर झटका बसून दोन्ही जनरेटर ट्रिप होऊ शकतात.

डालीच्या जनरेटरमधून ६६०० व्होल्टची वीज निघे. ट्रान्सफॉर्मर ती उतरवून पंप, दिवे आणि बाकी यंत्रांना देई. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला तपासात आढळलं, की एका ब्रेकरच्या नियंत्रणाची एक बारीक वायर जोडणीत सैल होती. वायरवर नाव लिहिलेली पट्टी चुकीच्या जागी बसल्यामुळे तिचं टोक पूर्ण आत गेलंच नव्हतं. ती सुटली, ब्रेकर उघडला आणि ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा तुटला. जनरेटर फिरत होते, पण खालच्या बाजूला वीज नव्हती. मुख्य इंजिन डिझेलवर चालतं खरं, पण ते थंड ठेवणारा पाण्याचा पंप विजेवर चालतो. त्या पंपाचा दाब गेला आणि इंजिन आपोआप बंद झालं.

कर्मचाऱ्यांनी ब्रेकर हाताने बंद करून मिनिटभरात वीज आणली. आता दुसरं संकट उभं राहिलं. चालू जनरेटरना डिझेल पुरवायला जहाजावर फ्लशिंग पंप वापरला जात होता, आणि तो वीज आल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यातला नव्हता. पहिल्या अंधारात बंद पडलेला हा पंप तसाच राहिला. डिझेलचा दाब घटत गेला, जनरेटर थांबले आणि पुन्हा अंधार झाला. मला तरी या अपघातातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. दिवे लागले म्हणजे जहाज सावरलं असं नसतं. कुठला पंप आपोआप उठला आणि कुठला नाही, हे पाहिल्याशिवाय काम संपत नाही.

ब्लॅकआउट झाला की इंजिनियर काय करतात? आणीबाणीचा जनरेटर इंजिन रूमबाहेर, वरच्या डेकवर असतो. त्याची टाकी वेगळी, बॅटरी वेगळी. नियमाप्रमाणे त्याने ४५ सेकंदांत आपोआप सुरू होऊन भार घ्यायला हवा. त्यावर आणीबाणीचे दिवे, सुकाणू आणि संपर्कयंत्रणा चालतात, मुख्य इंजिन नाही. तेवढ्यात खाली इंजिन रूममध्ये अलार्मची यादी पाहतात. कुठली गोष्ट आधी ट्रिप झाली, त्यावरून कारण कळतं. मग तयार ठेवलेला जनरेटर सुरू करून त्याचा ब्रेकर बंद करतात. बोर्ड मेलेला असल्याने लाटा जुळवायची गरज नसते. त्यानंतर पंप एकेक करून सुरू करतात. सगळे एकदम लावले, तर सुरू होताना ते इतका करंट खेचतात की जनरेटर पुन्हा बसू शकतो. वंगण, थंड पाणी आणि डिझेल यांचे दाब जागेवर आले, की मगच मुख्य इंजिनाकडे वळायचं.

इंजिन फिरवायला ३० बारच्या आसपास दाबाची हवा लागते. तीही संपली असेल तर जहाज खरोखर मेलेलं. मग डिझेलवर किंवा हाताने चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरने एक बाटली भरतात आणि त्या हवेवर एक जनरेटर उठवतात. खुल्या समुद्रात हे करायला तास लागला तरी चालतो.

डालीला तो वेळ मिळाला नाही. दुसऱ्यांदा वीज आली तरी मुख्य इंजिन बंदच होतं. पंखा थांबला की सुकाणूवर पाण्याचा झोत येत नाही, मग ते फिरवूनही जहाज पुरतं वळत नाही. पायलटने नांगर टाकायला सांगितलं आणि रेडिओवर धोक्याचा इशारा दिला. त्या इशाऱ्यामुळे पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांना वाहनं अडवली. पुलावरच्या कामगारांना बाहेर काढायला मात्र तेवढा वेळ पुरला नाही.