कर्ज मंजूर, पावती सोबत

पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने २००२च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या मेलबॉक्सचा हिशोब मांडला. त्याने साठवलेल्या स्पॅमपैकी ७९.७ टक्के मेलमध्ये ‘क्लिक’ हा शब्द सापडत होता, आणि खऱ्या मेलपैकी फक्त १.२ टक्क्यांमध्ये. म्हणजे एका ओळीचा नियम लिहिला तरी पाचातले चार स्पॅम हाती लागणार. पेच उरलेल्या एकाचा होता. त्याला गाठायला दुसरा नियम, मग तिसरा, असं करत ग्रॅहमचे सहाएक महिने गेले. नियम जितके कडक, तितके खरे मेलही त्यात अडकू लागले. शेवटी नियम लिहिणं सोडून त्याने संगणकाला दोन्ही ढिगांतले शब्द मोजायला बसवलं. तेव्हा कळलं की `ff0000`, म्हणजे वेबपानावर भडक लाल रंग आणणारी खूण, ही कुठल्याही अश्लील शब्दाइतकीच स्पॅमची भक्कम साक्ष देते. असा नियम माणसाला बसल्या जागी सुचला नसता.

ग्रॅहमकडे प्रत्येक बाजूचे चार-चार हजार मेल होते. घरच्या प्रयोगाला एवढे लागत नाहीत. स्पॅमअसॅसिन हा मेल-सर्व्हरवर वर्षानुवर्षं वापरला जाणारा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यातला शब्द मोजणारा भाग मूळ सेटिंगमध्ये २०० स्पॅम आणि २०० खरे मेल दाखवल्याशिवाय मत देत नाही, पण तेवढे मिळाले की कामाला लागतो. आपणही तोच आकडा धरू.

समजा, दोनशे-दोनशे मेल वेगळे करून झाले. आता प्रत्येक शब्द किती स्पॅममध्ये आला आणि किती खऱ्या मेलमध्ये, एवढंच मोजायचं. एकाच मेलमध्ये दहादा आला तरी एकदाच धरायचा. कल्पना करा की ‘कर्ज’ ५९ स्पॅममध्ये आणि ९ खऱ्या मेलमध्ये निघाला, ‘मंजूर’ ३९ आणि ४ मध्ये, ‘क्लिक’ ७९ आणि १९ मध्ये. प्रत्येक आकड्यात १ मिळवायचा (तो कशाला, ते लगेच पाहू) आणि भागाकार करायचा. ‘कर्ज’चे साठाला दहा, म्हणजे ६ पट. ‘मंजूर’चे चाळिसाला पाच, ८ पट. ‘क्लिक’चे ऐंशीला वीस, ४ पट. आता नवा मेल आला: ‘तुमचे कर्ज मंजूर! आजच क्लिक करा.’ ‘तुमचे’, ‘आजच’, ‘करा’ हे शब्द दोन्हीकडे सारखेच येतात असं धरू, म्हणजे त्यांचं वजन एकच्या आसपास. उरलेल्या तिघांचा गुणाकार ६ × ८ × ४ = १९२. मेल स्पॅम असण्याचं पारडं १९२ला १ असं जड झालं.

पुरावा आला की अंदाज किती हलवायचा, याचं हे गणित थॉमस बेज या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३मध्ये छापला गेला. आपल्या मेलबॉक्समध्ये प्रत्यक्षात चार खऱ्यांमागे एक स्पॅम येत असेल, तर १९२ला आणखी चाराने भागायचं. बाकी काही बदलत नाही.

तो एक का मिळवायचा? ‘मंगळागौर’ हा शब्द एका खऱ्या मेलमध्ये आला आणि स्पॅममध्ये कधीच नाही, असं धरा. एक न मिळवता गुणाकार केला तर तिथे शून्य बसतं, आणि शून्याने गुणलं की बाकीच्या सगळ्या शब्दांची साक्ष पुसली जाते. वीस संशयास्पद शब्दांच्या मेलमध्ये कुणी ‘मंगळागौर’ टाकलं की तो सुटला! एक मिळवला की तोच शब्द पारडं फक्त निम्म्याने हलकं करतो. एकदाच पाहिलेल्या शब्दावर तेवढाच भरवसा ठेवणं रास्त आहे.

पण या पद्धतीचं खरं बळ मला वाटतं दुसऱ्याच ढिगात आहे. मुलीच्या शैक्षणिक कर्जाबद्दल बँकेचा खराच मेल आला असं समजू: ‘कर्ज मंजूर झाले आहे, पावती सोबत जोडली आहे, शाखेत भेटा.’ ‘कर्ज’ आणि ‘मंजूर’ मिळून ४८ झाले, लक्षण वाईटच. ‘पावती’ मात्र ३ स्पॅममध्ये आणि ४७ खऱ्या मेलमध्ये होता, म्हणजे चाराला अठ्ठेचाळीस, बाराने भागा. उरले ४. अजून संशयच. ‘शाखेत’ एका स्पॅममध्ये आणि १९ खऱ्यांमध्ये होता, दोनाला वीस, दहाने भागा. आता उरले ०.४, आणि मेल वाचला. ‘पावती’ आणि ‘शाखेत’ यांनी त्याला सोडवलं. तुमचं आडनाव, गावाचं नाव, सोसायटीच्या सेक्रेटरींचा ठरलेला मायना, ऑफिसातल्या प्रकल्पाचं टोपणनाव, हे सगळे असेच तुमच्या बाजूचे शब्द. स्पॅम पाठवणारा लाखोंना एकच मजकूर पाठवतो, त्याला ते ठाऊक नसतात. दुसऱ्याच्या मेलवर शिकवलेल्या गाळणीलाही ते ठाऊक नसतात. स्वतःचे चारशे मेल पुरतात ते याचमुळे.

हिशोब शाळकरी आहे. घोळ होतो तो मेल गोळा करण्यात. जीमेलमधला मजकूर गूगल टेकआउटमधून उतरवता येतो आणि एका लांबलचक फाइलमध्ये हाती पडतो. त्यात प्रत्येक मेलच्या डोक्यावर `X-Gmail-Labels` अशी ओळ असते आणि स्पॅमच्या फोल्डरमधल्या मेलच्या त्या ओळीत `Spam` असं लिहिलेलंच असतं. ती ओळ न गाळता शब्द मोजले तर गाळणी शंभरातले शंभर मेल बरोबर ओळखते. उत्तरपत्रिकेवरच उत्तर छापलेलं आहे! उद्या येणाऱ्या मेलवर ते नसणार. पहिल्याच फेरीत निकाल अविश्वसनीय चांगला आला, तर सर्वांत वजनदार वीस शब्द छापून बघावेत. चोर बहुधा तिथेच बसलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून छुपी आहे. जीमेल स्पॅमचा फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामा करतं. त्यामुळे तुमचं स्पॅम गेल्या महिन्याचं असतं आणि खरे मेल मात्र दहा वर्षांचे. महिना ऑक्टोबरचा असेल तर ‘दिवाळी’ आणि चालू वर्षाचा आकडा हे दोन्ही स्पॅमची लक्षणं ठरतात, आणि भावाचा दिवाळीचा मेल अडकतो. उपाय एवढाच, की खरे मेलही त्याच महिन्यातले घ्यायचे. कमी भरले तर दर महिन्याला स्पॅम बाजूला साठवत जायचं.

आणि मग देवनागरीचा प्रश्न. पायथॉनमध्ये शब्द वेगळे करायची सर्रास वापरली जाणारी खूण `\w+` आहे. तिला मराठी मजकूर दिला की असं होतं:

```python
re.findall(r"\w+", "कर्ज मंजूर")
# ['कर', 'ज', 'म', 'ज', 'र']
```

काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना ही खूण अक्षर मानत नाही, आणि ते आले की शब्द तिथेच तोडते. कर्जाचा ‘कर’ झाला, आणि तो प्राप्तिकराच्या खऱ्या मेलमधल्या ‘कर’मध्ये जाऊन मिसळला. सायकिट-लर्न या लोकप्रिय संचातली मोजणीही मूळ सेटिंगमध्ये याच खुणेवर चालते, शिवाय एकाक्षरी तुकडे फेकून देते. त्यामुळे ‘मंजूर’ आपल्या मोजणीतून पुरता गायब होतो. चूक दाखवणारा संदेश कुठेही येत नाही. इंग्रजी मेलवर सगळं सुरळीत चालतं, मराठी मेलवर निकाल ढासळतो, एवढंच दिसतं. देवनागरीचा पट्टा खुणेत घातला की शब्द अखंड राहतात:

```python
re.findall(r"[\w\u0900-\u097F]+", "कर्ज मंजूर")
# ['कर्ज', 'मंजूर']
```

तरीही ‘कर्ज’, ‘कर्जाची’, ‘कर्जासाठी’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द राहतात, आणि दोनशे मेलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडकीच मोजणी येते. मराठीला इंग्रजीपेक्षा थोडे जास्त नमुने लागतात ते यासाठी. प्रत्ययांचा ढोबळ कापकाप करणारे कार्यक्रम आहेत, पण मी म्हणेन, आधी आणखी शंभर मेल वेगळे करा.

आता परीक्षा. चारशे मेल पत्त्यांसारखे पिसून तीनशेंवर शिकवायचं आणि शंभरांवर तपासायचं, हा मोह टाळावा. स्पॅमची एकेक लाट असते. तोच मजकूर आठवडाभर वीसदा येतो, पिसल्यावर त्यातले पंधरा शिकवणीत जातात आणि पाच परीक्षेत, मग गुण फुकटचे मिळतात. तारखेने लावून जुन्यांवर शिकवा आणि नव्यांवर तपासा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल. शिवाय दोन चुका वेगळ्या मोजायच्या. सुटलेलं स्पॅम हाताने काढून टाकता येतं, मुलाखतीचं बोलावणं स्पॅममध्ये पडलं तर कळतही नाही. शंभर खऱ्या मेलपैकी एकही अडकला नाही म्हणून हुरळून जाऊ नये. संख्याशास्त्राच्या हिशोबाने तेवढ्या परीक्षेनंतरही खरा दोष तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो. रोज तीस खरे मेल येत असतील तर हे जवळजवळ रोज एक अडकण्याइतकं आहे.

गुणाकाराचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. ‘कर्ज’ आणि ‘मंजूर’ बहुधा जोडीने येतात, पण गणित त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजतं आणि एकच साक्ष दोनदा नोंदवून घेतं. मेल जरा लांब असला की उत्तर ९९.९९ टक्के तरी येतं नाहीतर ०.०१, मधलं क्वचितच. एवढी खात्री प्रत्यक्षात नसते. गॅरी रॉबिन्सनने पुरावे एकत्र करायची वेगळी रीत सुचवली, ती स्पॅमबेज या मोफत प्रोग्रॅमने उचलली, आणि तिथे ‘खरा’ आणि ‘स्पॅम’ यांच्यामध्ये ‘सांगता येत नाही’ असा तिसरा खण आला. मूळ सेटिंगमध्ये ०.९०च्या वरचे मेल स्पॅम, ०.२०च्या खालचे खरे आणि मधले त्या खणात जातात. वरच्या शैक्षणिक कर्जाच्या मेलचं ०.४ला १ हे पारडं टक्क्यांत मांडलं तर २९च्या आसपास येतं. तो मेल आपल्या साध्या गुणाकारात सुटला खरा, पण स्पॅमबेजच्या या सीमा लावल्या तर मधल्या खणातच जाईल. हा खण रोज उघडून त्यातल्या मेलवर हाताने शिक्का मारायचा आणि ते शिकवणीत घालायचे. ज्यात गाळणीला शंकाच नव्हती असे पन्नास मेल घालण्यापेक्षा इथले पाच जास्त शिकवून जातात.