छेदणाऱ्या रेषा काय सांगतात? घटकीय आराखडा आणि आंतरक्रिया

समजा, अवधान चाचणीत सरासरी गुण असे आले: सकाळी कॅफीनविना ५०, कॅफीनसह ६०, संध्याकाळी कॅफीनविना ६०, कॅफीनसह ५०. हा २×२ घटकीय आराखडा आहे. आडव्या अक्षावर वेळ घेऊन कॅफीनसह आणि कॅफीनविना अशा दोन रेषा काढा. त्या एकमेकींना छेदतात.

आता वेळ विसरून सरासरी काढा. दोन्हीकडे ५५ येतात. यावरून ‘कॅफीनचा परिणाम नाही’ असे लिहिलेत तर चुकाल. सकाळची १० गुणांची वाढ आणि संध्याकाळची १० गुणांची घट यांनी सरासरीत एकमेकींना खोडले आहे. या दोन परिणामांतील २० गुणांचा फरक म्हणजेच आंतरक्रिया. तो शून्य असता तर रेषा समांतर असत्या. मात्र केवळ योगायोगानेही रेषा थोड्या तिरप्या होतात, म्हणून निष्कर्षाआधी प्रसरण विश्लेषण करा.