घरी परतल्यानंतरच्या गोळ्या

नायजेरियाला निघालेला माणूस पीतज्वराची लस सहसा विसरत नाही. त्या पिवळ्या कार्डावाचून परत आलं तर भारतीय विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का, हे मात्र कोणीच विचारत नाही. शिवाय आपल्याकडे अनेकांचा एक लाडका समज असतो: ‘लहानपणी हिवताप येऊन गेलाय, आता आपल्याला काय होणार?’ मलेरिया होऊन गेल्याने येणारी प्रतिकारशक्ती मुळात अर्धवट असते आणि काही वर्षांत तीही ओसरते. त्यात आपल्याकडच्या अनेकांना झालेला असतो तो व्हायव्हॅक्स. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राज्य आहे ते फॅल्सिपेरमचं, आणि तो एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो.

समजा, पुण्याचा एक इंजिनिअर 10 जूनला लागोसला पोहोचणार आहे आणि 1 जुलैला तिथून निघणार आहे. क्लोरोक्विन ही जुनी, ओळखीची गोळी त्याच्या उपयोगाची नाही. आफ्रिकेतला फॅल्सिपेरम तिला दाद देत नाही. ती चालते ती हैतीसारख्या मोजक्या ठिकाणी. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, त्यामुळे लांबच्या मुक्कामाला सोयीची. पण ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. नैराश्य, इतर मानसिक आजार किंवा फिट्स यांचा इतिहास असेल तर ती देत नाहीत. थायलंड-म्यानमार आणि थायलंड-कंबोडिया सीमाभागात तर तिचाही प्रभाव पडत नाही.

आपल्या इंजिनिअरचं तिकीट आठ दिवसांवर आलंय. म्हणजे उरल्या दोन. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, रोज 100 मिलिग्रॅम. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी जळते. उन्हाने त्वचाही लवकर लाल होते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती देत नाहीत. दुसरी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. ही महाग, रोज जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची. मूत्रपिंडांचा गंभीर आजार असेल तर नाही. दोन्ही प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करता येतात.

खरा फरक आहे तो परतल्यानंतर. डास चावला की परजीवी आधी यकृतात शिरतो, तिथे निदान आठवडाभर वाढतो आणि मगच रक्तात उतरतो. डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला प्रामुख्याने रक्तात गाठतात. त्यामुळे यकृतातून शेवटचा परजीवी बाहेर पडेपर्यंत औषधाने रक्तात पहारा द्यायला हवा. म्हणून या गोळ्या परतल्यावरही चार आठवडे, म्हणजे आपल्या इंजिनिअरने 29 जुलैपर्यंत घ्यायच्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल फॅल्सिपेरमला यकृतातच मारते, म्हणून ती 8 जुलैला थांबवता येते. खिसा परवानगी देत असेल तर विसराळू माणसाला मी हीच सुचवीन.

आता आपल्या माणसाने डॉक्सीसायक्लिन घेतली, पण घरी आल्यावर ‘आता कुठले आफ्रिकेतले डास’ म्हणून 3 जुलैला सोडून दिली. लागोसमधल्या शेवटच्या रात्री, 30 जूनला, त्याला बाधित अॅनोफिलीस चावलेली असेल तर परजीवी रक्तात येणार साधारण 7 जुलैनंतर, म्हणजे औषध संपल्यावर. ताप येतो 13 जुलैला. पुण्यात भर पावसाळा, शेजारी डेंग्यूचे रुग्ण. डॉक्टर डेंग्यूची तपासणी सांगतात, पॅरासिटामॉल देतात. ताप उतरतो, पुन्हा चढतो, आणि हातचे दोन दिवस जातात.

दवाखान्यात शिरल्यावर त्याने पहिलं वाक्य हेच सांगायला हवं होतं: ‘मी दोन आठवड्यांपूर्वी नायजेरियाहून आलोय.’ मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, रात्र असली तरी. एक अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. 12 ते 24 तासांच्या अंतराने आणखी दोनदा रक्त तपासतात. अर्धवट गोळ्या घेतलेल्यांच्या रक्तात परजीवी इतके विरळ असू शकतात की काचेवर ते नजरेतून सुटतात. ज्या गोळ्या प्रतिबंधासाठी घेत होतो, त्याच जास्त घेऊन घरी उपचारही करायचे नाहीत.

सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या तरी तापाकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण कुठलंच औषध शंभर टक्के राखण करत नाही. चावल्यानंतर सात दिवसांच्या आत आलेला ताप बहुधा दुसऱ्या कशाचा तरी असतो. फॅल्सिपेरमचा ताप बहुतेकदा परतल्यावर महिन्याभरात येतो, क्वचित तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा. व्हायव्हॅक्स आणि आफ्रिकेत आढळणारा ओव्हेल हे यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात, आणि वरच्या तिन्ही गोळ्या त्या झोपलेल्या रूपाला मारत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन लागते, आणि ती देण्याआधी रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करावी लागते. ते कमी असेल तर गोळीने तांबड्या पेशी फुटतात. म्हणून लागोसहून आलेल्या माणसाला पुढच्या होळीत ताप आला तरी त्याने डॉक्टरांना लागोस सांगायचं.