बांधकाम सुपरवायझरची पारख कशी करावी?



बांधकामात आपला पैसा कुठे मुरतो, हे बिलापेक्षा जागेवरच्या सुपरवायझरच्या कामावरून लवकर कळते. समजा, आर्वीच्या काळ्या जमिनीत आपल्याला खताचे गोदाम बांधायचे आहे आणि पावसाळ्यापूर्वी पाया जोत्यापर्यंत आणायचा ठरले आहे. सुपरवायझरला गुण द्यायचे, तर आम्ही चार गोष्टी पाहतो.

पहिली सुरक्षितता. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल गेला, तर बाजूंना उतार किंवा फळ्यांचा आधार हवा. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकलेली हवी. काठावरच ढीग दिसला, तर बाकीचे काम कितीही चोख असो, इथे तो नापास.

दुसरी मालाची नासाडी. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग गिट्टी या प्रमाणात एक घनमीटर काँक्रीटला सुमारे ८ पोती सिमेंट लागते. म्हणजे २० घनमीटरला १६० पोती. रजिस्टरवर २०० पोती आली आणि ३० शिल्लक असली, तर १७० खपली. दहा जास्त, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. दोन-तीन टक्के सांडलवंड आम्ही समजू शकतो. पुढच्याचा जाब विचारावा. पण १४० च पोती खपली, तर शाबासकी देऊ नका! ती बचत नव्हे, काँक्रीट कच्चे झाल्याची शंका आहे.

तिसरी मजुरांची व्यवस्था. न सांगता जावे, माणसे मोजावीत आणि हजेरीपट मागावा. पटावर १२ आणि कामावर ९ असतील, तर तिघे कुठे गेले? गिट्टी आली नाही म्हणून मजूर बसून राहिले असतील, तर त्या दिवसाची नोंद कारणासकट हवी. मे महिन्याच्या उन्हात काँक्रीट सकाळी लवकर उरकतो आणि दुपारी सावली-पाण्याची सोय ठेवतो, तो सुपरवायझर जाणता.

चौथी वेळ. आठवड्याला काय ठरले होते आणि काय झाले, हे रोजवहीवरून ताडून पाहावे. सिमेंट ठेकेदाराने उशिरा पाठवले, तर तो दोष सुपरवायझरच्या माथी मारू नये. मात्र माल संपत आल्याची मागणी त्याने वेळेत लिहून दिली होती का, हे जरूर पाहावे.

प्रत्येक बाबीला २५ गुण ठेवावेत. पण एक ध्यानात असू द्या. आधाराच्या फळ्या न लावता किंवा नव्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी न मारता कोणी काम लवकर उरकले, तर ते वेळेचे गुण त्याला देऊ नयेत. भिजल्या मातीत खड्डा ढासळला, तर वाचलेले दिवस तर जातीलच, पण आत उतरलेल्या माणसाचा जीवही जाईल.

आपल्या शेतावर विहीर किंवा घर बांधतानाही हाच हिशेब धरावा.