चौदा दुणे अठ्ठावीस

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘१-०-१’ आणि त्यापुढे ‘५ दिवस’ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दिवसाला दोन, तर पाच दिवसांच्या दहा गोळ्या. काही डॉक्टर याच दोन वेळांसाठी ‘बीडी’ लिहितात, एका वेळेसाठी ‘ओडी’ आणि तीन वेळांसाठी ‘टीडीएस’. पहिली गोळी रात्री घेतली तर पाच दिवस सहाव्या सकाळी पुरे होतात, पण गोळ्या दहाच लागतात. म्हणून तारखा मोजण्यापेक्षा वेळा मोजाव्यात.

एवढ्या गुणाकारात सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती चिठ्ठीवर गोळ्यांऐवजी मिलिग्रॅम लिहिलेले असतात तेव्हा, किंवा रोजचा डोस सारखा नसतो तेव्हा. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर पावसाळ्यातला मलेरिया घेऊ.

साठ किलो वजनाच्या एका प्रौढ माणसाला थंडी वाजून ताप आला आणि रक्ततपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला. भारतात त्यावर नेहमी दोन औषधं दिली जातात. पहिलं क्लोरोक्विन, तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी ६०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ६००, तिसऱ्या दिवशी ३००. गोळीच्या वेष्टनावर मात्र २५० मिलिग्रॅम छापलेलं असतं. सरळ भागायला गेलं तर उत्तर पूर्णांकात येत नाही आणि माणूस गोंधळतो. खरं म्हणजे २५० हे क्लोरोक्विन फॉस्फेट या क्षाराचं वजन असतं. त्यातलं मूळ औषध भरतं १५० मिलिग्रॅम, आणि डॉक्टर डोस धरतात तो या मूळ औषधाचा. म्हणजे ६०० ला चार गोळ्या आणि ३०० ला दोन. चार, चार आणि दोन मिळून दहा. ‘चार गोळ्या, तीन दिवस’ असा सरसकट गुणाकार केला असता तर बारा आल्या असत्या, आणि शेवटच्या दिवशी दुप्पट औषध पोटात गेलं असतं. डोस रोज बदलत असेल तर गुणाकार करायचा नाही, एकेका दिवसाची बेरीज करायची.

दुसरं औषध प्रायमाक्विन. या रुग्णाला रोज १५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १४ दिवस. ही गोळी वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानदाराने साडेसात मिलिग्रॅमची दिली तर रोज दोन, म्हणजे चौदा दुणे अठ्ठावीस. पंधराची असेल तर चौदाच पुरतात, आणि अडीचची असेल तर रोज सहा, म्हणजे चौऱ्याऐंशी. कोर्स तोच, तरी आकडा तिप्पट-सहापट बदलतो. म्हणून आधी रोजच्या डोसाला गोळीच्या ताकदीने भागावं, मग दिवसांनी गुणावं. स्ट्रिप दहा-दहाच्या असतील तर अठ्ठावीससाठी तीन घ्याव्या लागतील आणि दोन गोळ्या उरतील. त्या उरल्या म्हणून पंधराव्या दिवशी घ्यायच्या नाहीत.

क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात आणि बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. बरं वाटलं की गोळ्यांचा कंटाळा येतो. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. प्रायमाक्विन या दडलेल्या जंतूंसाठी असतं, म्हणून ते चौदा दिवस चालतं. गरोदर बाईला आणि रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्याला ते चालत नाही. मुलांचा डोस वयावर आणि वजनावर ठरतो. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरच ठरवतात. आपण करायचा तो त्यांच्या आकड्याचा हिशेब.

हा हिशेब दुकानातून निघाल्यावरही उपयोगी पडतो. अठ्ठावीस गोळ्या घरी आणल्या असतील, तर पाच दिवसांत दहा संपतात. सहाव्या दिवशी गोळी घेण्याआधी स्ट्रिपमध्ये अठरा हव्यात. वीस निघाल्या तर एक दिवस हुकला आहे. सोळा निघाल्या तर एका दिवशी दोनदा घेतल्या गेल्या असाव्यात. हुकलेली भरून काढायला एकदम चार घेऊ नयेत. डॉक्टरांना फोन करून पुढे कसं घ्यायचं ते विचारावं. ‘रोज घेतो’ असं म्हणणाऱ्या घरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या उशाशी ठेवलेली स्ट्रिप मोजलेली बरी.