वीस गावं की हजार मुलं?

समजा, एका वैद्यकीय नियतकालिकाकडे शोधनिबंध आला आहे. चिठ्ठ्या टाकून वीस गावांपैकी दहा गावं निवडली आणि तिथल्या शाळेच्या जेवणात लोह मिसळलेलं पीठ वापरलं. उरलेल्या दहा गावांत जेवण नेहमीचंच राहिलं. सहा महिन्यांनी दर गावातली पन्नास, म्हणजे एकूण हजार मुलं तपासली. लोहवाल्या गावांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी ०.३ ग्रॅमने जास्त निघालं, आणि लेखकांनी लिहिलं : पी-व्हॅल्यू ०.००२, उपाय सिद्ध झाला.

संपादक हा निबंध संख्याशास्त्राच्या परीक्षकाकडे पाठवतात. तो निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडतो आणि एक गोष्ट शोधतो. चिठ्ठी कोणाच्या नावाची टाकली होती, मुलाच्या की गावाच्या?

चिठ्ठी गावाची होती. आकडेमोड मात्र हजार मुलं एकमेकांपासून सुटी आहेत असं धरून केलेली. एका गावातली मुलं तशी सुटी नसतात. पाणी एकाच विहिरीचं, धान्य एकाच दुकानातलं, जंताचा त्रास सारखा, रक्त तपासणारा माणूसही बहुधा एकच. एकोणपन्नास मुलं तपासून झाल्यावर पन्नासावं मूल नवी माहिती थोडीच देतं.

हे साम्य मोजता येतं. मुलामुलांतल्या एकूण फरकापैकी गावागावांमुळे पडलेला वाटा किती, ते सांगणारा हा आकडा. तो ०.०५ इतका लहान धरला तरी हिशेब असा होतो : ४९ गुणिले ०.०५, अधिक १, म्हणजे ३.४५. हजाराला ३.४५ने भागलं की साधारण २९० उरतात. हजार मुलांनी दिलेली माहिती २९० सुट्या मुलांइतकीच. मुलांच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण विचलन १.५ ग्रॅम असेल, तर लेखकांच्या हिशेबाने खरा फरक ०.११ ते ०.४९ ग्रॅमच्या दरम्यान येतो. गावं लक्षात घेतली की ही पट्टी रुंदावते : उणे ०.०७ ते अधिक ०.६७. आता शून्यही आत आलं.

अशी चूक थोरामोठ्यांच्या अभ्यासातही शिरते. भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांवरचा स्पेनमधला ‘प्रेडिमेड’ हा ७,४४७ जणांचा प्रयोग २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. पुढे कळलं, की एका केंद्रात व्यक्तींऐवजी अख्ख्या दवाखान्यांना आहार वाटून दिले होते, आणि काही घरांत दुसऱ्या सदस्याला चिठ्ठी न टाकताच पहिल्याचाच आहार मिळाला होता. २०१८ साली लेखकांनी निबंध मागे घेतला आणि नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला. फायद्याचा आकडा जवळपास तोच राहिला, पण दाव्याची भाषा सौम्य झाली.

आता परीक्षकाने लिहायचं काय? ‘संख्याशास्त्र सदोष आहे’ या तीन शब्दांनी लेखकांच्या हाती काहीच लागत नाही. उपयोगी अहवालातला मजकूर असा असतो : ‘तक्ता ३मधली चाचणी मुलांना एकक मानते, वाटप मात्र गावांचं आहे. प्रत्येक गावाची सरासरी काढून दहा विरुद्ध दहा अशी तुलना करावी, किंवा गावाचा परिणाम धरणारं मिश्र प्रारूप वापरावं. गावं वीसच असल्याने कमी गटांसाठीची दुरुस्ती लागेल. गावांतल्या साम्याचा आकडाही द्यावा, पुढच्या अभ्यासकांना तो नमुना ठरवताना लागतो.’ जागा, कारण आणि उपाय तिन्ही त्यात आहेत. उपाय दोन सुचवले आहेत, कारण परीक्षकाची आवडती पद्धत लेखकांवर लादणं हा अन्याय आहे.

न्यायाचा दुसरा भाग अधिक अवघड. शाळेचं जेवण एकाच चुलीवर शिजतं, एका ताटात लोह आणि शेजारच्या ताटात नाही असं करता येत नाही. गावांचं वाटप करणं योग्यच होतं, आणि अहवालात ते स्पष्ट लिहायला हवं. चूक विश्लेषणातली आहे, ती जुन्याच माहितीवर दुरुस्त होते. चिठ्ठ्याच टाकल्या नसत्या, तर ती उणीव आता कोणत्याही गणिताने भरून निघाली नसती. आणखी वीस गावं घ्या, ही मागणी म्हणजे नवा प्रयोग मागणं, त्यामुळे ती इथे गैरलागू.

पट्टीत शून्य आलं म्हणून ‘लोहाचा उपयोग नाही’ असंही परीक्षकाने म्हणू नये, कारण त्याच पट्टीत ०.६७ ग्रॅमची मोठी वाढही बसते. तो लेखकांना सारांशातला ‘सिद्ध झाला’ हा शब्द काढायला सांगतो आणि त्या जागी फरक व पट्टी दोन्ही लिहायला सुचवतो. संपादकांना त्याची शिफारस : निबंध नाकारू नये, मोठ्या दुरुस्तीसाठी परत पाठवावा, आणि नवे तक्ते आले की पुन्हा दाखवावा.